रिकामा कॉल नव्हता तो

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं,
आणि आपत्कालीन कॉल घेणारे सर्व नियंत्रण कक्ष

सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर आहेत. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीकाठी धोपाव्याच्या बाजूला आमचं घर आहे. वाडीत बारा घरं, पण पावसाळ्यात उघडी असतात ती चार-पाचच. बाकीच्यांची माणसं मुंबईला. मला ऐकू येतं. लहानपणापासून मी त्या दोघांचा कान आणि तोंड होते. आता चिपळूणला शिकवते, आणि जमेल तेव्हा दवाखान्यात, पोलीस ठाण्यात कर्णबधिरांसाठी दुभाषाचं काम करते.

२०२२ च्या जुलैमधली एक रात्र तुमच्यासमोर ठेवते. कोणत्या क्रमांकावर फोन लागला होता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण समोरच्या माणसाने त्याला शिकवलं होतं तसंच केलं. चूक त्या शिकवण्यात आहे आणि ती तुम्हाला दुरुस्त करता येते.

पावणेदोनला बाबा लघवीला उठले तेव्हा ठीक होते, बॅटरीच्या उजेडात आईशी दोन शब्द बोललेसुद्धा, अर्थात हातांनी. दोन वाजून दहा मिनिटांनी ते खाटेवरून घसरले. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा. आईने चार मिनिटांत फोन लावला. तिला पलीकडचं काही ऐकू येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी कुणीतरी फोन उचलेल, आपला आवाज ऐकेल आणि कळेल, एवढ्या आशेवर ती फोनमध्ये ओरडत राहिली. तिचा आवाज तिने स्वतः कधी ऐकलेला नाही. परक्या माणसाला तो दारू प्यायलेल्या माणसासारखा किंवा चेष्टेचा वाटतो. चाळीस सेकंदांनी कॉल बंद झाला. मग नियमाप्रमाणे कक्षातून दोनदा उलट फोन आला. फोन तिच्या हातात थरथरला, तिने उचलला, पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा कुणी केला नाही. नोंद झाली ती ‘रिकामा कॉल’ म्हणून.

दोन वीसला तिने मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. मी झोपले होते. जाग आली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी फोन केला, पत्ता सांगितला, गाडी सव्वाचारला पोचली, साडेचारला निघाली, पावसातून चिपळूणला सहा वाजता. मेंदूचं स्कॅन झालं सहा पस्तीसला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्धांगवायूची लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे बाबांच्या बाबतीत सहा चाळीसच्या आत. पाच मिनिटांत रक्तस्राव नाही ना हे बघून, रक्तदाब सांभाळून ते देणं डॉक्टरांना शक्य नव्हतं. आईचा पहिला कॉल आणि माझी जाग यांत एक्कावन्न मिनिटं गेली. ती वाचली असती तर स्कॅन पावणेसहालाच झालं असतं आणि हाताशी जवळजवळ तास उरला असता.

बाबा वाचले. उजवा हात गेला. ऐकणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला तर त्याचं काम अडतं. माझ्या बाबांची निम्मी वाचा गेली.

आता त्या रात्रीकडे तुमच्या बाजूने बघू.

पहिली गोष्ट, मुक्या कॉलची. नियंत्रण कक्षांत खिशात दाबले गेलेले, मुलांनी खेळता खेळता लावलेले, चेष्टेचे कॉल सतत येतात, हे मला माहीत आहे. शिकवणी सत्रांच्या वेळी दोनदा मी अशा कक्षात बसले आहे. म्हणून कॉलवर बोलणं आलं नाही की उलट फोन करून खात्री करायची, आणि उत्तर नाही आलं की प्रसंग मिटवायचा, ही रीत पडली. ऐकू येणाऱ्यांसाठी ती ठीक आहे. कर्णबधिर माणसाच्या बाबतीत मात्र प्रत्येक पायरी उलटी पडते. तो फोन लावतो तेव्हा मुका असतो, उलट फोनला उत्तर देऊ शकत नाही, आणि म्हणून जितका खरा अडचणीत तितका खोटा ठरतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोबाइलमध्ये धोक्याचं बटण आणलं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला कॉल लागतो. पण लागतो तो आवाजाचाच कॉल. बटण दाबता आलं तरी पुढे तीच शांतता.

यावरचा पहिला उपाय अगदी स्वस्त आहे आणि त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची आहे. कलमात शब्द ‘ठेवील’ या अर्थाचा आहे, ‘ठेवू शकेल’ असा नाही. त्या नोंदीत कर्णबधिर आणि बोलता न येणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक, घराची जागा आणि जवळच्या एका ऐकणाऱ्या माणसाचा क्रमांक घ्या, माणसाच्या संमतीने, आणि त्याने सांगितलं की काढूनही टाका. मग तो क्रमांक कॉल घेणाऱ्याच्या पडद्यावर आला की शेजारी एक ओळ दिसू द्या: ‘ऐकू येत नाही, मजकुराने बोला’. एवढं झालं की उलट फोनच्या जागी उलट एसएमएस जाईल. आणि एसएमएसलाही उत्तर आलं नाही, तर नोंदलेल्या घरी गाडी निघेल. आईचा तो चाळीस सेकंदांचा आरडाओरडा तेवढ्याने पुरेसा झाला असता.

नोंदणीचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. ब्रिटनमध्ये ९९९ ला एसएमएस करायचा तर आधी ‘register’ असा निरोप पाठवून नाव नोंदवावं लागतं. ज्याने ते केलं नाही, जो पाहुणा आहे, ज्याचा सिम बदलला, तो सुटतो. गणपतीला आलेला मुंबईचा कर्णबधिर चाकरमानी तुमच्या रत्नागिरीच्या यादीत नसणार. म्हणून नोंद ही सोय असावी, अट नसावी. नोंद नसलेल्या क्रमांकावरून मुका कॉल आला तरी मिटवण्याआधी एकदा एसएमएस जायलाच हवा: ‘मदत हवी? १ दाबा’. त्या एका निरोपाचा खर्च तुम्हीच सांगा किती.

दुसरी गोष्ट जागेची. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं की आईचा पहिला कॉल खाडीच्या पलीकडच्या टॉवरवरून गेला होता, त्यामुळे पडद्यावर जागा दिसली ती दाभोळची. म्हणजे कुणी मुक्या कॉलवर विश्वास ठेवून गाडी पाठवली असती तरी ती दापोली तालुक्यात गेली असती. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, दिवसा फेरीबोटीने काही मिनिटांचं अंतर. रात्री फेरी बंद, आणि रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. जयगड आणि तवसाळ यांचीही तीच गत. आपल्या किनाऱ्यावर पाण्यावरून सिग्नल सहज पलीकडे जातो. बोलता येणारा माणूस ‘नाही हो, आम्ही अलीकडे, धोपाव्याला’ म्हणून चूक तिथल्या तिथे सुधारतो. कर्णबधिराला ती संधी मिळत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत टॉवरवर विसंबून चालत नाही, फोनमधलं जीपीएस ठिकाण मिळालंच पाहिजे. ॲपवरून ते येऊ शकतं. ॲप नसेल तर उलट एसएमएसमध्ये एक दुवा पाठवून माणसाला बोट लावायला सांगता येतं. त्यासाठी इंटरनेट लागतं, तेही नसलं तर गावाचं नाव विचारायचं आणि मग वाडीचं, कारण तेलीवाडी आणि बौद्धवाडी आपल्याकडे गावोगाव आहेत. नुसत्या वाडीच्या नावावर गाडी काढू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि तिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे: मजकुराने बोलणं म्हणजे नुसता मजकूर घेणं नव्हे.

११२ च्या राष्ट्रीय आराखड्यात आवाजाच्या कॉलबरोबर एसएमएस, ई-मेल आणि ॲपवरून आलेला इशारा घेण्याचीही तरतूद आहे. म्हणजे दार आहे. पण एसएमएस आल्यावर कक्षातला माणूस काय करतो? बहुतेक वेळा त्या क्रमांकावर फोन करतो. संवाद दोन्ही बाजूंनी लेखी चालला पाहिजे, शेवटपर्यंत, हे अजून आपल्या कक्षांच्या हाडीमाशी खिळलेलं नाही. त्याला कारणही आहे. लिहून मदत मागणाऱ्याचं मराठी तुम्हाला विचित्र वाटेल, कारण मराठी ही त्याची पहिली भाषा नाही. माझ्या आईची भाषा खुणांची आहे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, त्यात आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय नाहीत, ‘आहे’ हे क्रियापद नाही, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. त्या भाषेत विचार करून माणूस मराठी लिहितो तेव्हा वाक्य तुटक होतं. त्या रात्री आईने मला जे लिहिलं ते असं होतं: ‘बाबा पडला हात नाही तोंड वाकडा’.

‘हात नाही’ म्हणजे काय? अनोळखी माणूस वाचेल की हात तुटला, अपघात झाला, रक्त जातंय. आईला म्हणायचं होतं की हात हलत नाही. या दोन वाचनांत वेगळी गाडी, वेगळं रुग्णालय आणि वेगळी घाई आहे. म्हणून मजकूर वाचणाऱ्याने अर्थ लावायचा नाही, विचारायचं. आणि विचारायचं तेही एका वेळी एकच, छोटं, दोन पर्याय देऊन. हाच प्रसंग नीट शिकलेल्या कॉल घेणाऱ्याच्या हाती पडला असता तर संवाद साधारण असा चालला असता.

‘बाबा पडला हात नाही तोंड वाकडा’, आईचा निरोप. लगेच उत्तर: ‘निरोप मिळाला. मदत पाठवते. फोन हातात ठेवा.’ हे आधी, प्रश्न नंतर, कारण ज्याला पलीकडचा श्वासही ऐकू येत नाही त्याला आपला निरोप पोचला की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. मग: ‘गाव कोणतं?’ ‘धोपावे.’ ‘वाडी?’ उत्तर येतं. ‘श्वास: चालू / बंद?’ ‘चालू.’ ‘उजवा हात: हलतो / हलत नाही?’ ‘हलत नाही.’ ‘रक्त: हो / नाही?’ ‘नाही.’ ‘किती वाजता पडले?’ ‘२.१०.’ एवढ्यावर कळतं की हा अर्धांगवायू असू शकतो, घड्याळ दोन दहाला सुरू झालं, आणि गाडी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे न्यायची. मग शेवटचं: ‘गाडी निघाली. पाणी, जेवण देऊ नका. दिवा लावा.’ आणि गाडी पोचली की: ‘गाडी दारात. दार उघडा.’ हॉर्न वाजवून उपयोग नाही.

कर्णबधिराला ‘श्वास घेत नाहीत ना ते?’ असा प्रश्न कधी पाठवू नका. बोलताना आपण असं सहज विचारतो. त्याला ‘हो’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय, श्वास चालू की बंद? मी स्वतः दुभाषी असून अशा ‘हो’वर अडखळले आहे. त्याचप्रमाणे अर्धांगवायू ओळखायला आपण विचारतो की बोलणं अडखळतंय का. माझ्या बाबांना तो प्रश्न लागूच होत नाही. विचारायचं असं: ‘खुणा नेहमीसारख्या की चुकीच्या?’ मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणाऱ्या माणसाची वाचा बिघडते, तशी खुणांनी बोलणाऱ्याची खूण बिघडते. हात ठीक असतानाही बिघडू शकते, कारण ती भाषाच आहे. आई मला नंतर म्हणाली, पडण्याआधी मिनिटभर बाबा काहीतरी अर्थहीन हातवारे करत होते, तिला वाटलं झोपेत आहेत. तुमच्या प्रश्नावलीत ही एक ओळ घाला. कुठल्याही मोठ्या खर्चाशिवाय ती एखाद्याचा हात वाचवेल.

निरोपाच्या लांबीचीही एक साधी अडचण आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्रा-वेलांट्या त्यात वेगळ्या मोजल्या जातात. त्याहून लांब निरोप तुकडे होऊन जातो. नेटवर्क अशक्त असेल तर एखादा तुकडा मागे राहतो आणि मग सगळा निरोपच फोनवर उमटत नाही. म्हणून कक्षातून जाणारा प्रत्येक निरोप ७० च्या आत बसेल असा आधीच लिहून ठेवा. वर मी लिहिलेले सगळे बसतात. आणि पलीकडून मराठी रोमन अक्षरांतही येईल, ‘baba padla hat nahi’ असं, तेही वाचता आलं पाहिजे.

एसएमएसच्या मर्यादा तुमच्यापैकी तांत्रिक बाजू बघणाऱ्यांना माहीत असतीलच, पण निर्णय घेणाऱ्यांना त्या सांगाव्या लागतात. एसएमएस हा कॉलसारखा थेट जात नाही, आधी कंपनीच्या केंद्रात साठतो आणि मग पुढे जातो. अडीचला पाठवलेला तीनला मिळू शकतो. केंद्राने लावलेली वेळ निरोपाबरोबर येते, ती आणि तुमच्याकडे पोचल्याची वेळ दोन्ही पडद्यावर दाखवा. फरक मोठा असेल तर कॉल घेणाऱ्याने आधी ‘आत्ता कसे आहेत?’ विचारायचं. दुसरं, आवाजाचा आपत्कालीन कॉल स्वतःच्या कंपनीचा टॉवर नसला तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो, मोबाइलच्या मानकांतच तशी सोय आहे. एसएमएसला ती सोय नाही. कोकणातल्या कितीतरी वाड्यांत एकाच कंपनीची रेंज येते. तिथे दुसऱ्या कंपनीचा सिम असलेल्या कर्णबधिराकडे मुका कॉल हाच एक मार्ग उरतो. म्हणूनच वर नोंदीचा आणि मुक्या कॉलचा मुद्दा मी सगळ्यांत आधी घेतला.

एसएमएसच्या पुढची पायरी म्हणजे टाइप होता होता अक्षर न् अक्षर पलीकडे दिसणारा मजकूर, ज्याला रिअल टाइम टेक्स्ट म्हणतात. पाठवण्याचं बटण दाबावं लागत नाही. ‘बाबा पड’ एवढं लिहून माणूस कोसळला किंवा फोन पडला, तरी तेवढं तुम्हाला दिसतं. यासाठी लागणारं नेटवर्क नगण्य असतं. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांच्या आपत्कालीन केंद्रांना असा मजकूर घेण्यासाठी फार तर २८ जून २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. आपणही नवीन यंत्रणा खरेदी करताना ही अट निविदेत घालावी, नाहीतर पुढची दहा वर्षं आवाजाच्या पेटीलाच मजकुराची ठिगळं लावत बसावं लागेल.

आणि व्हिडिओ. आईसारख्या माणसाला सगळ्यात सोपं तेच. ज्यांना लिहायला कधी शिकवलंच गेलं नाही अशा कर्णबधिरांना तर दुसरं काही नाहीच. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून सांकेतिक भाषेचा दुभाषी चोवीस तास व्हिडिओवर मिळतो आणि तो ९९९ च्या कॉल घेणाऱ्याशी बोलतो. फ्रान्समध्ये २०११ पासून ११४ हा वेगळा क्रमांक आहे, ग्रेनोबलच्या रुग्णालयात एकच केंद्र, तिथे कर्णबधिर आणि ऐकणारे कर्मचारी एकत्र काम करतात आणि मदत मागणाऱ्याच्या गावच्या अग्निशमन दलाला किंवा रुग्णवाहिकेला स्वतः फोन करतात. आपल्या तीन जिल्ह्यांनी तीन वेगळे दुभाषी कक्ष उभारण्यापेक्षा संपूर्ण राज्यासाठी असं एकच केंद्र मागावं, असं मला वाटतं. रात्रीच्या पाळीला पुरेसे प्रशिक्षित दुभाषी एका जिल्ह्याला मिळणार नाहीत. मी स्वतः त्यातली एक असून हे सांगते.

पण व्हिडिओला मजकुराची जागा देऊ नका. खुणा वाचता याव्यात म्हणून सेकंदाला साधारण वीस चित्रं तरी लागतात. चित्र अडकत अडकत आलं तर हात दिसतो, खूण दिसत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज नव्हती, इंटरनेट नव्हतं, कधी तरी एखादा एसएमएस सुटायचा. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या बाजूला आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. अंधारात खुणा दिसत नाहीत, ही गोष्ट ऐकणाऱ्या माणसाच्या मनातच येत नाही. फोन एका हातात धरून एका हाताने खुणा कराव्या लागतात, हीसुद्धा. म्हणून व्हिडिओच्या त्याच पडद्यावर खाली मजकुराची चौकट हवी आणि व्हिडिओ तुटला तरी ती चालू राहायला हवी.

दुभाष्याबद्दल आणखी एक. दिल्लीत बसलेल्या दुभाष्याला ‘धोपावे’ कुणी बोटांनी अक्षरं करून दाखवलं तर ते कळायला वेळ लागेल. त्याच्यासमोर तालुक्यातल्या गावांची यादी असली की दुसऱ्या अक्षराला तो गाव ओळखतो. आणि शाळेत न गेलेले, घरातल्या घरात बनवलेल्या खुणांनी बोलणारे लोक आपल्या वाड्यांत आहेत. त्यांचं बोलणं मलाही नीट कळत नाही. अशा वेळी अनुभवी कर्णबधिर माणूसच मध्ये बसून ते उलगडतो. केंद्रात अशा माणसाला नोकरी द्या, दया म्हणून नव्हे, तो ते काम आमच्यापेक्षा चांगलं करतो.

समुद्रावर एक गोष्ट आधीच बरी झाली आहे, तिची आठवण करून देते. मच्छीमार बोटींसाठी इस्रोने बनवलेल्या धोक्याच्या यंत्रावर आग, बुडणं, आजारपण अशी वेगवेगळी बटणं आहेत, आणि नव्या पिढीच्या यंत्रात निरोप पोचल्याची पोच बोटीवर परत येते. एक शब्द न बोलता. बोटीवरच्या खलाशाला जे मिळतं ते किनाऱ्यावरच्या घरात माझ्या आईला मिळावं, एवढंच मागणं आहे. अमेरिकेत तर जिथे ९११ ला एसएमएस घेण्याची सोय नाही तिथेही पाठवणाऱ्याला ताबडतोब तसं सांगणारा निरोप परत गेलाच पाहिजे, असा २०१३ पासूनचा नियम आहे. सोय नसणं एक वेळ सोसता येतं. सोय आहे असं समजून अंधारात वाट बघत बसणं सोसत नाही.

गाडी पोचल्यानंतरचं थोडक्यात लिहिते. कक्षात आलेला मजकूर जसाच्या तसा रुग्णवाहिकेच्या चालकाच्या आणि डॉक्टरांच्या फोनवर जावा. कॉल तोंडी जोडून देण्याच्या पद्धतीत तो हरवतो आणि दारात पुन्हा तेच प्रश्न ओरडून विचारले जातात. बॅटरी रुग्णाच्या डोळ्यांवर मारण्याआधी एकदा स्वतःच्या चेहऱ्यावर मारा. आणि सलाइन लावताना विचारा, कोणत्या हाताने बोलता? माणूस ज्या हाताने बोलतो त्याच हातात सुई टोचून तो पट्टीने बांधला की त्याचं तोंड बांधल्यासारखं होतं. बाबांचा उजवा गेला होता, उरलेल्या डाव्याच हाताला सलाइन लावलं. ते रात्रभर काही सांगू शकले नाहीत.

मला प्रश्न विचारला जातो की वर्षाकाठी असे कॉल किती येणार? २०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची संख्या ५० लाखांवर आणि बोलता न येणाऱ्यांची जवळपास २० लाख नोंदली गेली. तरी एका जिल्ह्याच्या कक्षात असा कॉल क्वचितच येईल, हे मी मान्य करते. पण तीच खरी अडचण आहे. महिनोन्‌महिने न आलेला कॉल एका रात्री येतो तेव्हा शिकवलेलं कुणाला आठवत नाही, कुठली खिडकी उघडायची तेही नाही. म्हणून एकदा सत्र घेऊन भागणार नाही. दर महिन्याला, प्रत्येक पाळीला, एक चाचणीचा मुका कॉल आणि एक चाचणीचा मजकूर गेला पाहिजे, त्यातला एक तरी रात्री दोन नंतर. आणि तो पाठवणारा कर्णबधिर माणूसच असला पाहिजे, त्याच्या गावातून, त्याच्या फोनवरून, त्याच्या मराठीत. कार्यालयात बसून अधिकाऱ्याने टाइप केलेला शुद्ध मराठी निरोप ही चाचणी नव्हे. पहिलं उत्तर किती सेकंदांत गेलं, जागा बरोबर लागली का, कुणी सवयीने फोन तर केला नाही ना, या तीन गोष्टी मोजा आणि त्या जिल्ह्याच्या बैठकीत मांडा.

पहिल्या चाचणीला माझी आई तयार आहे. मी तिला हे पत्र खुणांनी सांगितलं तेव्हा तिने एकच गोष्ट वाढवायला लावली. चाचणी पावसात घ्या, म्हणाली, वीज गेलेली असताना. बाबाही येतील, ते आता डाव्या हाताने हळूहळू बोलू लागले आहेत. तिचा क्रमांक मी तिन्ही कार्यालयांना वेगळ्या पत्राने दिला आहे. तारीख ठरली की तिला मजकूर पाठवा, ७० अक्षरांच्या आत.

आपली,
धोपाव्याच्या खाडीकाठच्या एका घरातली लेक